साक्षीची डिस्क

नागपूरच्या वाडी नाक्यावरून ट्रान्सपोर्टच्या गोदामांकडे आत वळलं की एक टायरचं दुकान लागतं आणि पुढे एक चहाची टपरी. या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं दुकान संघपाल गजभियेचं. पाटीवर ‘मेघा इलेक्ट्रॉनिक्स’. मेघा म्हणजे त्याची बायको. लग्नाच्या वर्षी पाटी रंगवली, त्यानंतर पाटीला कोणी हात लावला नाही आणि, मेघाच्या म्हणण्याप्रमाणे, तिच्या हौसेलाही. दिवसभर समोरून ट्रक जातात, धूळ उडते आणि संघपाल दर तासाला काउंटर पुसतो. ज्या माणसाला अर्धा धंदा धुळीनेच दिला, त्याने धुळीवर एवढा राग धरावा हा जरा कृतघ्नपणाच, पण तो धरतो.

त्याचे वडील याच गोदामांत हमाली करायचे. पोराच्या पाठीवर ओझं येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, म्हणून दहावीनंतर त्यांनी त्याला सीताबर्डीवर एका टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे बसवलं. टेपरेकॉर्डर गेले, सीडी प्लेअर आले. तेही गेले, टीव्हीला जोडायचे गेम आले. दरवेळी संघपाल नव्याने शिकला. वाडीत तीन तीन गेम पार्लर होते त्या काळात त्याला जेवायलाही फुरसत नसायची. हाताने इतका हलका माणूस, पण जिभेने तितकाच तिखट. मशीनवर नारळाचं पाणी सांडलेल्या एका गिऱ्हाइकाला त्याने विचारलं होतं, की प्रसादही दाखवला की नाही.

पण त्याचा तपास पाहण्यासारखा असे. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, डिस्क घेत नाही. संघपाल विचारायचा, घेत नाही की वाचत नाही? आत ओढलीच जात नसेल तर तो रोलरचा आजार. आत जाते, फिरते आणि पडद्यावर काहीच येत नाही, तर तिथून पुढे खरा तपास. आधी डिस्क, मग लेन्स, मग ड्राइव्ह, हा त्याचा क्रम. गिऱ्हाइकाची डिस्क तो पहिल्यांदा दुकानातल्या स्वतःच्या मशीनमध्ये घालायचा. तिथे चालली तर डिस्क निर्दोष. नाही चालली तर ट्यूबलाइटखाली तिरपी धरून चरे बघायचा. मधून कडेकडे गेलेला चरा मशीन बऱ्यापैकी सहन करतं, गोल फिरलेला चरा मात्र वाचता वाचता वाटच खाऊन टाकतो. जुनी डीव्हीडी घासून गुळगुळीत करता येते. ब्लू-रेला, म्हणजे गेमच्या नव्या डिस्कला, तसं करायला जाऊ नये, कारण तिचा सगळा मजकूर वरच्या पातळ सालीखालीच असतो आणि साल गेली की मजकूरही जातो.

मग स्वतःची चांगली डिस्क गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये. ती चालली तर मशीन ठीक. नाही चालली तर झाकण उघडून लेन्स पुसायची. कोणाकडे धुळीने, कोणाकडे विडीच्या धुराने, कोणाकडे रोजच्या धूपाने लेन्सवर साय धरलेली असते. कापसाच्या काडीला साफ करायच्या स्पिरिटचा एक थेंब, हलक्या हाताने एक फेरा, आणि सुकेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. बऱ्याच मशिनी इथेच बऱ्या होऊन घरी जात. त्यानंतरही डिस्क वाचली नाही, तरच तो ड्राइव्हचं नाव काढायचा. तिथेही घाई नाही. सिनेमाची डीव्हीडी लाल किरणाने वाचली जाते आणि गेमची ब्लू-रे निळ्या. सिनेमा चालतो आणि गेम चालत नाही, म्हणजे मोटर शाबूत आहे, निळा किरण थकला आहे.

स्वतःच्या या चांगल्या डिस्कांना तो साक्षीदार म्हणायचा. एक सिनेमाची डीव्हीडी आणि गेमच्या दोन ब्लू-रे, मऊ कापडात गुंडाळलेल्या डब्यांत, काउंटरच्या वरच्या खणात. त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्याला खपत नसे. त्यातली एक ब्लू-रे एका ओळखीच्या माणसाने दोन दिवसांसाठी नेली, मग तो माणूस बेसाकडे राहायला गेला आणि डिस्कही त्याच्याबरोबर गेली. तिच्या जागी दुसरी आणायची होती. जुनी एखादी कुठेही मिळाली असती. पण आता लोक गेम सरळ नेटवरून उतरवून घेतात, दुकानात महिन्याला चार मशिनी यायच्या, आणि आहे ती चालते आहे ना, असं म्हणत त्याने दोन वर्षं काढली. निळ्या किरणाच्या बाबतीत आता एकाच साक्षीदारावर फाशी सुनावली जात होती, आणि न्यायाधीशाला त्याचं काही वाटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. डब्यातून डिस्क काढताना मधलं बटण दाबावं, मग ती सुटते. कडेला बोट घालून ओढू नये. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि ऐकलं नाही तर चिडायचा. स्वतः मात्र घाईत असला की कडेलाच बोट घालायचा. डिस्क वाकायची, टक्‌ असा आवाज करून बाहेर यायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान. धंदा जोरात होता तेव्हा दिवसातून दोन-तीनदा, आणि अशी पंधरा वर्षं.

जानेवारीत एका दुपारी कुसुमताई भोयर ऑटोतून उतरल्या. मांडीवर चौकड्यांच्या टॉवेलात गुंडाळलेलं जुनं काळं गेमचं मशीन होतं. तो टॉवेल संघपालने लांबूनच ओळखला. कवडूभाऊंचा. कवडू भोयर म्हणजे तीस वर्षं मुंबई-नागपूर रस्त्यावर ट्रक चालवलेला माणूस. संघपालने दुकान टाकलं तेव्हा लेन्स मुंबईहून मागवाव्या लागत आणि पार्सलात त्या हमखास फुटून येत. कवडूभाऊंनी ते काम आपण होऊन अंगावर घेतलं. लेन्सचं खोकं ते स्वतःच्या उशीच्या खोळीत घालून केबिनमध्ये आणायचे, आणि इतक्या वर्षांत एकही लेन्स फुटली नाही. पैसे विचारले की म्हणायचे, उशी तशीही रिकामीच येते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, ट्रक सुटला. मुलगा पियूष पुण्याला नोकरीला. तो आपलं जुनं मशीन घरी ठेवून गेला होता आणि त्यात एक रॅलीचा, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या शर्यतीचा, गेम होता. त्यात मोटारींबरोबर ट्रकही होते. एका सुटीत त्याने गंमत म्हणून रिमोट बापाच्या हातात दिला. त्या रिमोटवर डाव्या अंगठ्याने स्टिअरिंग आणि उजव्या तर्जनीने एक्सलेटर. कवडूभाऊंची तर्जनी तेव्हा नुसती थरथरायची. पण ट्रक रस्त्यावर उभा आहे आणि आपण बसून आहोत, हे त्यांना सहन झालं नसावं. महिन्याभरात ते बोट दाबू लागलं. पलंगावर आडवा पडलेला माणूस उशीला टेकून उठून बसू लागला, रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, की माझ्या चेंडूपेक्षा हेच बरं, हे बंद करू नका, हात मिटला तर मग उघडायचा नाही.

आणि आता ते बंद पडलं होतं. चार दिवस झाले, डिस्क फिरते आणि पडद्यावर काही येत नाही. कुसुमताईंनी हे सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. संघपालने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला.

“भाऊ, यायले दुसरं काही राहिलं नाही गा आता. एवढीच एक गाडी आहे,” त्या म्हणाल्या. “सकायपासून टीव्हीकडे पाहून राहिले नुसते.”

संघपालने क्रमाने सुरुवात केली. कुसुमताईंची डिस्क त्याने आपल्या मशीनमध्ये घातली. नाही वाचली. ट्यूबलाइटखाली धरली, तर तिच्यावर धुरकट गोल गोल फेरे उमटलेले. त्याने मान वर करून विचारलं, तेव्हा कुसुमताईंनी खाली बघत सांगितलं, की शेजारणीने दातांची पेस्ट लावून घासायला सांगितली होती, डाग निघतो म्हणे. संघपालच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. कवडूभाऊंची उशी आठवली आणि त्याने ते गिळलं. डिस्क गेली, एवढंच म्हणाला.

मग त्याने खण उघडला, बोट कडेला घालून टक्‌ करून आपली ब्लू-रे काढली आणि त्यांच्या मशीनमध्ये घातली. आत गेली, फिरली, लेन्स वरखाली होत असल्याची बारीक टिकटिक ऐकू आली. मग गप्प. पडद्यावर काही नाही. त्याने मशीन खोललं, लेन्स पुसली. तिच्यावर धूपाचा पिवळट थर होता खरा. दहा मिनिटं थांबला. पुन्हा घातली. नाही. सिनेमाची डीव्हीडी घातली, ती मात्र छान चालली. ब्लू-रे परत आपल्या मशीनमध्ये घातली, तिथे तीही चालली. साक्षीदार खरं बोलत होता. निदान संघपालला तसं वाटलं.

इथे तो थोडा थांबला होता, हे त्याला नंतर फार आठवायचं. सीताबर्डीचा उस्ताद एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, की दोन गोष्टी एकाच दिवशी मरत नाहीत. एक मेलेली दिसली आणि दुसरीही मेलेली दिसली, तर आधी आपल्या नजरेवर शंका घ्यायची. डिस्क तर पेस्टने मेली. मग त्याच आठवड्यात निळा किरणही कसा मेला? हा प्रश्न त्याच्या मनात आला, अगदी शब्दांसकट आला. पण बारा-तेरा वर्षांचं मशीन, त्यावर रोजचा धूप आणि वाडीची धूळ. आणि आपली डिस्क आपल्या मशीनमध्ये चालते, हे तर आत्ता डोळ्यांनी पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून त्याने प्रश्न बाजूला सारला.

“वहिनी, डिस्क तं गेलीच. पन मशीनचा लेझरही गेला,” तो म्हणाला. “याच्यात आता पैसा नका टाकू.”

ड्राइव्ह बदलता येत नाही का, असं त्यांनी विचारलं. त्याने समजावून सांगितलं. ड्राइव्हच्या पोटात एक छोटा बोर्ड असतो, तो त्या एकाच मशीनला ओळखतो. दुसऱ्याचा अख्खा ड्राइव्ह आणून लावला तर गेम चालत नाही. जुनाच बोर्ड ठेवून नुसती लेन्स बदलावी लागते, आणि या मॉडेलच्या लेन्स आता येतात त्या दुसऱ्यांच्या मशिनीतून काढलेल्या, अर्ध्या मेलेल्या. दोन महिन्यांत पुन्हा हेच. तो प्रामाणिकपणे सांगत होता. त्यात दुःख असं, की यातला एकेक शब्द बरोबर होता.

कुसुमताईंनी मशीनवरून एकदा हात फिरवला. मग टॉवेल काढून घडी केली आणि पिशवीत ठेवला. मशीन तुम्हीच ठेवा म्हणाल्या, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल, घरी नेलं तर ते रोज त्याच्याकडे बघत बसतील. संघपालने तपासणीचे पैसे घेतले नाहीत, ऑटोपर्यंत सोडायला गेला, आणि आपण बरे वागलो असं त्या संध्याकाळी त्याला वाटत राहिलं.

फेब्रुवारीत त्याने त्या मशीनचा पॉवर सप्लाय काढून दुसऱ्या एकाला लावला. बाकीचा सांगाडा फळीवर गेला. कवडूभाऊंची बातमी टपरीवर ड्रायव्हर लोकांकडून कानावर यायची. बसत नाहीत म्हणे. जेवण कमी झालं. पियूषने फोनवर कसलासा गेम घालून दिला, पण काचेवर बोट घासायचं त्यांना जमेना, दाबायला काही लागत नाही म्हणून त्यांनी फोन पांघरुणात सारला. पियूष म्हणाला होता, की दिवाळीला येईन तेव्हा नवीन मशीन आणतो. संघपाल दर रविवारी ठरवायचा, की जाऊन भेटून यावं. पण आपल्या हातून त्यांच्यासाठी काही झालं नाही, मग जाऊन तोंड काय दाखवायचं, या विचाराने तो रविवार तसाच जायचा. लाजेपायी माणूस माणसाला किती एकटं टाकतो, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

एप्रिलच्या शेवटी, ऊन असं की टपरीवालाही चहा प्यायचा बंद झालेला, मनीषनगरहून रितिका नावाची एक मुलगी आली. इंजिनिअरिंगला होती. भावाचं जुनं मशीन विकायचं म्हणाली, तेच मॉडेल. संघपालने खण उघडला, बोट कडेला, टक्‌, आणि ब्लू-रे घातली. फिरली. टिकटिक. गप्प. लेन्स पुसली, तरी तेच. डीव्हीडी चालली. लेझर गेला, भंगाराच्या भावात घेतो, असं तो डोकं वर न करता म्हणाला.

रितिका शांत मुलगी होती. तिने वाद घातला नाही. पिशवीतून एक डबा काढला.

“काका, काल संध्याकाळी मी स्वतः खेळली याच्यावर,” ती म्हणाली. “तुमचीच डिस्क पाहून घ्या ना एकदा.”

संघपालला राग आला. पंधरा वर्षांत त्याच्या साक्षीदारावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तिचं तोंड बंद करायचं म्हणूनच त्याने तिची डिस्क घेतली आणि मशीनमध्ये सरकवली. फिरली, टिकटिक झाली, आणि पडद्यावर गेमचं नाव आलं. मागोमाग संगीत सुरू झालं.

त्याने आपली ब्लू-रे ट्यूबलाइटसमोर धरली. वरून स्वच्छ, एक चरा नाही. मग त्याने चष्मा कपाळावर सारला आणि मधल्या भोकाची कड डोळ्याजवळ नेली. तिथून एक केसाएवढी रेघ निघाली होती आणि पारदर्शक भाग ओलांडून चमकत्या भागात शिरली होती. त्याने डिस्क दोन्ही हातांनी अगदी हलकी वाकवली. रेघ उघडली आणि पुन्हा मिटली.

पुढचं त्याला कोणी समजावायची गरज नव्हती. त्याच्या स्वतःच्या, जरा नंतरच्या मॉडेलच्या मशीनला दोनच वर्षांपूर्वी नवी लेन्स बसवली होती. ती इतकी तेज, की ही तडकलेली डिस्कही ती ओढूनताणून वाचायची. साध्या, जुन्या, पण ठीक असलेल्या मशिनीला फिरताना थरथरणारी ही डिस्क जमत नव्हती. म्हणून त्याच्या मशीनमध्ये साक्षीदार खरा आणि दुसऱ्याच्या मशीनमध्ये खोटा. कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि कुंपण घातलं होतं त्यानेच. रितिकाला त्याने मशीनचे योग्य पैसे दिले आणि तिची डिस्कही विकत मागितली. ती म्हणाली, तशीच ठेवा.

ती गेल्यावर तो तडकलेली डिस्क हातात घेऊन बसला. ही रेघ कधीची असेल? वर्षभरात त्याने लेझर गेला म्हणून परत पाठवलेल्या मशिनी एकेक डोळ्यांपुढे येऊ लागल्या. पण त्यांच्या मागून सारखा तो चौकड्यांचा टॉवेल येत होता. शेवटी तो उठला, फळीवरून कुसुमताईंचं मशीन खाली काढलं, धूळ पुसली आणि एका मेलेल्या मशीनमधला पॉवर सप्लाय त्यात बसवला. रितिकाची डिस्क घालताना त्याने डब्याचं मधलं बटण दाबलं. एवढी अक्कल त्या दिवशी आली.

मशीनने डिस्क पहिल्या फिरकीत वाचली. ती वाचू नये, निदान हे मशीन तरी खरंच मेलेलं निघावं, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं होतं. स्वतःच्या या विचाराची त्याला किळस आली, पण वाटलं होतं ते खरं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो भर उन्हात सीताबर्डीवर फिरला. जुने गेम विकणारा एकजण उरला होता, त्याच्याकडे चार खोकी उपसल्यावर तो रॅलीचा गेम मिळाला. डिस्क तिरपी धरून पाहिली, मधली कड पाहिली. घरी मेघाने जेवायला वाढलं, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आज जेवून आजच जा, रविवारची वाट पाहू नको.

भोयरांचं घर गोदामांच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. कूलर चालू होता आणि खिडकीला ओली चादर बांधलेली होती. कवडूभाऊ पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढा धिप्पाड माणूस, पांघरुणाखाली आहे की नाही असा झाला होता. कुसुमताईंनी मशीन पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते संघपालला पाहवलं नाही. तुम्ही बनवून आणली, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांनी लगबगीने कवडूभाऊंना वळवलं, पाठीमागे दोन उशा लावल्या, तोंड पुसलं. पहा कोण आलं, तुमची गाडी आली, असं त्या त्यांच्या कानाशी सांगत होत्या. संघपालने वायरी जोडल्या, डिस्क घातली. टीव्हीवर रॅलीचं नाव आलं, मग कवडूभाऊंचा जुना साठवलेला खेळ आला, कोपऱ्यात आतापर्यंत चाललेलं अंतर. अकरा हजार चारशे किलोमीटर. मग लाल रस्त्यावर उभा असलेला पिवळा ट्रक, आणि इंजिनाचा घुरघुर आवाज.

कवडूभाऊंचे डोळे त्या आवाजाबरोबर उघडले. संघपालने रिमोट त्यांच्या हातात द्यायला पुढे केला. डावा हात पुढे आला. उजवा पांघरुणाखालीच राहिला. कुसुमताईंनी पांघरूण सारलं. उजव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली होती, मनगट आत वळलेलं, नखं तळहातात रुतू नयेत म्हणून बोटांच्या मध्ये सुती फडक्याची गुंडाळी घातलेली. मार्चपासून असा आहे, त्या म्हणाल्या, उघडायला गेलं की ओरडतात. तरी त्यांनी ती गुंडाळी काढली आणि तर्जनी सोडवून रिमोटवर ठेवायचा प्रयत्न केला. बोट सरळ होईना. कवडूभाऊंच्या कपाळावर घाम आला, पण ते ओरडले नाहीत.

संघपालला ते बघणं सोसेना. तो खाली बघून बोलला.

“वहिनी, मी काही बनवलं नाही. मशीन चांगलीच होती. माझी तपासायची डिस्क तडकली होती, मले समजलं नाही.”

कुसुमताईंचा हात थांबला. 

“म्हंजे त्या दिवशी घरी वापस आनली असती तं चालली असती?”

“दुसरी डिस्क लावली असती तं त्याच दिवशी चालली असती.”

त्या रागावतील, रडतील, निदान घालवून तरी देतील, अशी त्याची तयारी होती. त्यासाठीच तो आला होता म्हटलं तरी चालेल. पण त्या फडक्याची घडी घालत बसल्या. मशीन ठेवून घ्या असं मीच तुम्हाला म्हटलं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या, आणि पेस्टही मीच लावली होती. संघपालचा गुन्हाही त्यांनी आपल्या पदरात ओढून घेतला. तो पलंगाच्या कडेला बसून राहिला. गल्लीत कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचा भोंगा वाजत होता.

टीव्हीवरचा पिवळा ट्रक जागच्या जागी उभा होता. कवडूभाऊंच्या डाव्या अंगठ्याने स्टिअरिंग एकदा डावीकडे फिरलं, एकदा उजवीकडे. पुढची चाकं वळली. ट्रक हलला नाही. इंजिन चालूच होतं, आणि ते त्या आवाजाकडे कान देऊन ऐकत होते, जसं नाक्यावर गाडी उभी करून तीस वर्षं ऐकलं असेल. मग त्यांनी रिमोट डाव्या हाताने संघपालच्या मांडीवर ठेवला. जड जिभेने, पण नीट कळेल असं ते बोलले.

“बंद कर गा,” ते म्हणाले. “उगाच डिझल जळून राहिलं.”